दर आठवड्याला आवडतं कॅरेक्टर बदलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलांची बड्डे थीम आणि कमी खर्चातलं डेकोरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या मुलीचा सहावा वाढदिवस घरीच केला आणि फोटो बघून बऱ्याच आयांनी, दोन बाबांनी आणि एका आजींनीसुद्धा प्रश्न पाठवले. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र टाकतेय. हॉल टूबीएचकेचा, पोरं बारा-पंधरा, मोठी माणसं आठ-दहा, असं धरून लिहिलंय.

१. आज स्पायडरमॅन, पुढच्या सोमवारी डोरेमॉन. थीम ठरवायची तरी कशी?

कॅरेक्टरची थीम ठरवूच नका. थीम ठरवायची ती रंगांची किंवा जागेची, म्हणजे "लाल-निळा-पिवळा" किंवा "जंगल", "समुद्र", "अंतराळ". सगळं डेकोरेशन त्याचं करायचं आणि मधोमध एक जागा मुद्दाम रिकामी ठेवायची. त्या आठवड्यात जे कोण लाडकं असेल ते तिथे शेवटच्या दोन दिवसांत येऊन बसतं. गणपतीत आपण मखर आधी करतो आणि मूर्ती नंतर बसवतो ना, तसंच.

याचा फायदा असा की मेहनतीचं आणि पैशाचं काम, म्हणजे पताका, फुगे, मागचा पडदा, हे सगळं पंधरा दिवस आधीपासून निवांत सुरू करता येतं, आणि पोरीने मत बदललं तरी आपला फक्त एक प्रिंटआउट बदलतो. पाचव्या वाढदिवसाला मी तीन आठवडे आधी एका कॅरेक्टरचं पूर्ण रेडी किट मागवून ठेवलं होतं, बॅनर, टोप्या, प्लेट्स, सगळ्यावर तेच तोंड. वाढदिवसाच्या दिवशी ती त्या बॅनरसमोर उभीच राहीना, म्हणे "मला हा नाही आवडत आता". तिचं चुकलं नव्हतं, तिच्यासाठी तीन आठवडे म्हणजे खूप मोठा काळ असतो.

२. पण कुठले रंग घ्यायचे ते कसं कळणार?

चार आठवडे नुसतं टिपून ठेवा. फ्रिजवर कागद लावा आणि दर रविवारी एक ओळ लिहा, या आठवड्यात ती काय *खेळली*. टीव्हीवर काय बघितलं ते नाही हां, खेळली काय, चित्र कशाचं काढलं, झोपताना गोष्ट कोणाची मागितली. बघितलेलं पटकन विसरतात, खेळलेलं जरा टिकतं.

आमचा कागद असा होता: पहिला आठवडा स्पायडरमॅन, दुसरा डोरेमॉन, तिसरा पिकाचू आणि चौथ्या आठवड्यात समोर बिल्डिंगचं खोदकाम सुरू झालं म्हणून जेसीबी. वरवर बघितलं तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. मग शेजारी रंग लिहिले. स्पायडरमॅन लाल-निळा. डोरेमॉन निळा-पांढरा, गळ्यात लाल पट्टा आणि पिवळी घंटा. पिकाचू पिवळा आणि गाल लाल. जेसीबी पिवळा. झालं की, लाल-निळा-पिवळा! या तीन रंगांत चौघंही मावतात, आणि पुढे सुपरमॅन आला असता तरी चाललं असतं कारण त्याचेही तेच रंग.

दुसरा एक मेळ बऱ्याच घरांत बसतो, युनिकॉर्न, परी, जलपरी, एल्सा असं चालू असेल तर आकाशी, फिकट जांभळा आणि पांढरा. तीनपेक्षा जास्त रंग घेऊ नका, चौथा आला की सगळं शाळेच्या गॅदरिंगसारखं दिसायला लागतं आणि मधलं कॅरेक्टर उठून दिसत नाही.

३. आमच्याकडे रंग जुळतच नाहीत. डायनोसोर, मग फायर ब्रिगेड, मग पेंग्विन. आता?

रंग जुळत नसतील तर जागा शोधा. मनात विचारा, हे तिघं कुठे राहिले तर विचित्र वाटणार नाही? डायनोसोर, वाघ, माकड, मोगली टाइप काही असेल तर जंगल. पेंग्विन, मासे, जलपरी असेल तर समुद्र. रॉकेट, रोबो, सुपरहिरो असेल तर अंतराळ, म्हणजे काळा-निळा पडदा आणि चांदण्या.

तुमच्या यादीसारखं अगदीच कुठे बसत नसेल तर "गाव" किंवा "शहर" करा. तपकिरी खोक्यांच्या उभ्या इमारती, त्यांना पिवळ्या कागदाच्या खिडक्या, खाली काळ्या कार्डशीटचा रस्ता. शहरात फायर ब्रिगेडची गाडीही येते, डायनोसोरही येऊ शकतो आणि पेंग्विनला प्राणिसंग्रहालय आहे. पोरांना यात काहीच खटकत नाही, उलट ती स्वतःच गोष्ट जुळवतात. पाहुण्या पोरांना आल्या आल्या एकेक छोटं खोकं रंगवायला दिलंत तर पहिला अर्धा तास गेमचीही गरज पडत नाही.

४. मुलालाच थेट विचारलं तर नाही का चालणार?

चालेल, पण "तुला कुठली थीम हवी?" असं उघडं विचारू नका. सहा वर्षांच्या पोराला त्या क्षणी जे आठवतं ते तो सांगतो आणि मग आपण त्या शब्दाला धरून बसतो. दोनच पर्याय द्या आणि दोन्ही आपल्याला जमणारे द्या: "मागे निळा पडदा लावू का पिवळा?" "पताका तिकोनी करू का गोल?" डेकोरेशनमध्ये हात लागला की तिला ते आपलं वाटतं, मग कॅरेक्टर बदललं तरी पार्टी तिचीच राहते.

रिकाम्या जागेबद्दल मात्र तिला आधीच सांगून ठेवा: "इथे कोण बसणार ते तू गुरुवारी सांगायचं." आमच्याकडे ती दोन आठवडे रोज त्या जागेकडे बघून नावं बदलत होती आणि त्यातच तिला मजा येत होती.

५. गुरुवारीच का? टाइमटेबल काय ठेवायचं?

पार्टी रविवारी असेल तर गुरुवार संध्याकाळ ठीक पडते, कारण शुक्रवारी कलर प्रिंट काढता येतो आणि शनिवारी तो पुठ्ठ्यावर चिकटवून वाळतो. शनिवारी रात्री झेरॉक्सवाला बंद, रविवारी तर विषयच नको. त्याआधीचं असं: सहा आठवडे आधी टिपण सुरू, दोन आठवडे आधी रंग पक्के आणि कागदकाम सुरू, रोज संध्याकाळी अर्धा तास, एका आठवड्यात होतं. आमंत्रण दहा दिवस आधी व्हॉट्सअपवर, त्यावर फक्त नाव, वेळ, पत्ता आणि ठरलेले रंग. आमंत्रणावर कॅरेक्टर अजिबात टाकायचं नाही, नाहीतर पाहुणे त्याच कॅरेक्टरची गिफ्ट घेऊन येतात आणि तोवर आपलं पोरगं पुढे निघून गेलेलं असतं. गुरुवारनंतरही बदललं तर काय, ते प्रश्न ११ मध्ये बघा.

६. मागचा बॅकड्रॉप भाड्याने घ्यायचा का?

नको, खिडकीच्या पडद्याचा रॉड वापरा. पडदे काढायचे, त्या जागी एकरंगी जुनी साडी किंवा डबल बेडशीट इस्त्री करून सेफ्टी पिनांनी अडकवायची. इस्त्री टाळू नका, फोटोत घडीच्या रेघा सगळ्यात आधी दिसतात. साडी बारीक पोताची असेल तर दुहेरी लावा, नाहीतर मागच्या खिडकीचा उजेड आरपार येतो आणि पोरांचे चेहरे काळे पडतात. दिवसा पार्टी असेल तर खिडकीऐवजी भिंतीकडची बाजू घ्या, दोन खिळ्यांमध्ये दोरी ताणली की झालं.

दिवाळीच्या लायटिंगच्या माळा साडीच्या *मागून* सोडा, पुढून वायरी दिसतात आणि पोरं ओढतात. आकाशकंदील असेलच माळ्यावर, तोही काढा, पिवळा किंवा पांढरा असेल तर समोर वर टांगला की अर्धं काम झालं.

आता ती रिकामी जागा. मोठ्या खोक्याची एक बाजू कापून साधारण दोन फूट बाय दीड फूट पुठ्ठा घ्या, त्यावर एका रंगाचा घोटीव कागद चिकटवा, कडेने दुसऱ्या रंगाची पट्टी फिरवा. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून दोरीने रॉडलाच टांगा. कॅरेक्टरचा A3 प्रिंट कडेने कापून पातळ पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि या चौकटीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावायचा. फेविकॉलने थेट चौकटीवर लावू नका, सगळी गंमतच ते काढता येण्यात आहे. थर्माकोल घेऊ नका, महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि पुठ्ठा फुकट मिळतो.

७. कागदी पंखे करायला घेतले पण गोल होतच नाहीत, मध्ये फट राहते. काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही एका A4 कागदात एक पंखा करताय. एका कागदात घडी घातल्यावर पूर्ण गोल होत नाही, दोन लागतात. कागदाच्या लांब बाजूने दीड सेंटीमीटरच्या उलटसुलट घड्या घालत जा, म्हणजे एकवीस सेंटीमीटर लांबीची चपटी पट्टी होईल. तिला मध्यावर दोऱ्याने घट्ट बांधा आणि दोन्ही टोकं वर वळवून आपसात चिकटवा, अर्धा गोल झाला. असे दोन अर्धे जोडले की पूर्ण गोल, साधारण वीस सेंटीमीटर रुंदीचा. घड्या मोठ्या घातल्या तर तो चांदणीसारखा टोकेरी दिसतो, आणि जाड कार्डशीट घेतलं तर घडीवर कागद फाटतो, त्यामुळे साधा रंगीत A4च बरा. चिकटवल्यावर दहा मिनिटं चिमटा लावून ठेवा, हे केलं नाही तर रात्रीतून उघडतात.

पताकांचा हिशोब सोपा आहे, सहा इंच रुंद पताका आणि मध्ये दोन इंच मोकळं, म्हणजे दहा फुटी दोरीला पंधरा. वरचा इंचभर कागद दोरीवरून मागे दुमडून चिकटवायचा, भोक पाडून ओवलं तर पताका सरकून एका बाजूला गोळा होतात.

८. फुगे किती आणि हवेत तरंगणारे कसे करायचे?

तोंडाने किंवा पंपाने भरलेला फुगा तरंगत नाही, त्याला हीलियम लागतो आणि तो महाग पडतो. स्वस्तात "गॅसचे फुगे" भरून देतो असं कोणी म्हणालं तर आधी विचारा कुठला गॅस, कारण काही ठिकाणी हायड्रोजन भरतात आणि तो मेणबत्तीजवळ पेट घेतो. घरात, मुलांच्या पार्टीत, तो नकोच.

त्यापेक्षा सहा फुटी माळ करा. साधारण साठ फुगे लागतात. दोन-दोन फुगे गाठीशी बांधा, अशा दोन जोड्या एकमेकींत पीळ देऊन चौकडी करा आणि चौकड्या दोरीवर एकाला एक चिकटून बसवत जा. अशा बारा चौकड्या पुरतात, उरलेले बारा फुगे लहान फुगवून फटींत खुपसायचे. सगळे एकाच मापाचे फुगवले तर माळ साखळीसारखी दिसते, लहानमोठे फुगवले की भरगच्च दिसते. आदल्या रात्री केलं तरी चालतं, मात्र माळ उन्हाच्या तिरीपेत आणि पंख्याच्या टप्प्यात नको. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला, पाहुण्यांबरोबर लहान भावंडं येतात आणि ते तोंडात घालतात.

९. घर भाड्याचं आहे. टेपने भिंतीचा रंग निघाला तर?

मास्किंग टेप वापरा आणि आधी दाराच्या मागे एक तुकडा रात्रभर लावून बघा. सकाळी टेपच्या पाठीला पांढरी भुकटी लागलेली दिसली तर तुमच्याकडे साधा डिस्टेंपर आहे, त्यावर टेप टिकतही नाही आणि काढताना रंग घेऊन येतो. मग भिंतीला हातच लावू नका, सगळं रॉड, दाराची चौकट, कपाटाची हँडलं यांना दोरीने बांधा. ऑइल पेंट असेल तर काही होत नाही. डबल टेप मात्र कुठल्याच भिंतीला नको.

१०. एकूण खर्च किती आला?

फक्त डेकोरेशनचा सांगते, कारण खाण्याचा प्रत्येकाचा वेगळा. घोटीव कागद सहा, साठ रुपये. रंगीत A4 कागदांचा गठ्ठा दीडशे. तीन रंगांचे फुगे दोनशे. दोरी वीस. मास्किंग टेप साठ. A3 कलर प्रिंट दोन, ऐंशी. म्हणजे पाचशे सत्तर. साडी, लायटिंग, कंदील, खोकी, चिमटे घरचेच. तुमच्याकडे भाव थोडे इकडे तिकडे होतील, पण सातशेच्या वर जायला लागलं तर समजा की एखादी रेडीमेड वस्तू शिरलीय.

११. आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी कॅरेक्टर बदललं तर?

हा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. शुक्रवारच्या प्रिंटबरोबरच दोन कोरे पांढरे पुठ्ठे त्याच मापाचे कापून ठेवा आणि स्केचपेनचा डबा जवळ ठेवा. बदललं तर ती स्वतः काढेल.

आमचं हेच झालं. गुरुवारी पिकाचू ठरला, प्रिंट आला, शनिवारी लावला. रविवारी सकाळी दूध आणायला खाली गेलो तर पार्किंगमधल्या मांजरीने पिल्लं घातली होती, तीन, एक पांढरं आणि दोन बदामी. वर येताना जिन्यातच जाहीर झालं, "आज मनीचा बड्डे." मी तिला पुठ्ठा दिला. तिने तासभर बसून मांजर काढलं, पाय सहा झाले होते, शेपटीचं टोक पिवळं आणि गळ्यात लाल रिबन, कारण "आपले कलर तेच आहेत ना आई". चिमटे काढले, पिकाचू खाली टेबलावर बसवला, मनी वर लागली. पाहुण्या पोरांनी "हे कोण आहे?" विचारलं की ती प्रत्येकाला खिडकीपाशी नेऊन खाली पार्किंग दाखवत होती.

१२. केकचं काय? त्यावर तर आधीच सांगावं लागतं.

केक थीमच्या रंगात प्लेन सांगा, वर फक्त नाव. कॅरेक्टर कागदाचं कापून मागे टूथपिक चिकटवायची आणि आयत्या वेळी खोचायचं, टूथपिकचा भाग क्रीममध्ये जाईल, कागद क्रीमच्या वर राहील इतपत ठेवा, नाहीतर कागद तेल शोषतो आणि मान टाकतो. कापायच्या आधी सगळ्या टूथपिक मोजून काढा. गडद लाल-निळं क्रीम सांगू नका, कपड्यांना आणि जिभांना लागतं, पांढऱ्या केकवर रंगीत गोळ्या पुरतात.

१३. वाढदिवस जुलैमध्ये आहे. पावसाळ्यात काय बदलायचं?

क्रेप पेपर टाळा. दमट हवेत तो लोंबतो, आणि ओला हात लागला की त्याचा रंग भिंतीला आणि कपड्यांना लागतो. घोटीव कागद जास्त तग धरतो. केसांवर घासून फुगे भिंतीला चिकटवायची युक्ती पावसाळ्यात चालत नाही, हवा कोरडी लागते, डिसेंबरमध्ये मस्त चालते. पंखे आणि पताका झाल्या की मोठ्या पिशवीत बांधून कपाटात ठेवा, उघड्यावर ठेवलं तर घड्या सैल पडतात.

१४. दोन भावंडांचा एकत्र वाढदिवस आणि दोघांची आवड वेगळी?

मागचा पडदा एक, चौकटी दोन. दोघांचीही टिपणं प्रश्न २ प्रमाणे वेगळी ठेवा आणि निदान एक सामाईक रंग शोधा. चौकटी एकाच मापाच्या आणि एकाच उंचीवर लावा, सहा वर्षांच्या मुलाला इंचभराचा फरकही दिसतो. केक मात्र दोन लहान घ्या, इथे काटकसर करू नका.

१५. आम्ही आधीच एका कॅरेक्टरचं किट घेतलंय आणि ते आता नको झालंय. फेकायचं?

फेकू नका. किटमधले फुगे, "हॅपी बर्थडे"ची अक्षरं आणि झालर यावर बहुतेक वेळा चेहरा नसतो, ते सरळ वापरा. टोप्यांवर चेहरा असेल तर त्यावर रंगीत कागदाचा गोल चिकटवा आणि प्रत्येक पोराला आपापलं चित्र काढायला सांगा. बॅनर उलटा करा, मागची बाजू पांढरी असते, त्यावर पोरांचे हाताचे ठसे घ्या. प्लेट्स राहू द्या, त्यावर समोसा आला की खालचं तोंड कोणी बघत नाही.

१६. औक्षण त्याच बॅकड्रॉपसमोर केलं तर चालेल का?

पाट बॅकड्रॉपपासून निदान तीन-चार फूट पुढे मांडा. निरांजनाची ज्योत लहान असली तरी ओवाळताना हात मागे जातो आणि मागे कागद, साडी, फुगे सगळं पटकन पेटणारं असतं. पंखा त्या पाच मिनिटांपुरता बंद करा, नाहीतर पताका उडून पुढे येतात. फेसाचा स्प्रे, जो केक कापताना उडवतात, तो मेणबत्ती किंवा निरांजन पेटलेलं असताना बिलकुल नको, त्यातला गॅस पेट घेतो आणि समोर मुलाचा चेहराच असतो. आम्ही आधी औक्षण करतो, निरांजन देवघरात नेऊन ठेवतो, मग मेणबत्ती विझवून केक, आणि स्प्रे आणलेले पाहुणे असतील तर त्यांच्याकडून दारातच मागून घेतो.